घोडी शांत झाली, पण नाडी काय म्हणते?

नमस्कार श्रोतेहो! घोड्याच्या पोटदुखीबद्दल बोलायचंय आज, म्हणजे आपण ज्याला शूळ म्हणतो ना, तो. घोडं पोटाकडे वळून बघतं, पुढच्या पायाने जमीन उकरतं, खाली बसून लोळतं, ही लक्षणं तुम्हाला पाठ असतील, ती मी सांगत बसत नाही. खरा प्रश्न पुढचा असतो, हे औषधाने सुटणार का पोट उघडावं लागणार? आणि तो ठरवायला दवाखान्यातलं मोठं मशीन लागतंच असं नाही. नाडी, पोटातले आवाज आणि गुदद्वारातून हात घालून केलेली तपासणी, या तिघांवर बरंचसं ठरतं.

साताऱ्याकडची एक घोडी सांगतो. वय असेल सतराएक वर्षांचं, वरातीला जायची. (जाता जाता बोलतोच, डीजेच्या भिंतीसमोर घोडी नाचवणं बंद व्हायला पाहिजे, त्या आवाजात माणूस उभा राहू शकत नाही आणि आपण जनावराला पाठीवर नवरदेव घेऊन उभं करतो!) तर संध्याकाळी घोडी लोळायला लागली, घामाने निथळली. नाडी तेव्हा मिनिटाला ५६. तिथल्या डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, ते बरोबरच होतं. मी पोचलो तेव्हा घोडी मान खाली घालून गप्प उभी. मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उगाच धावपळ झाली तुमची, उतार पडलाय तिला."

मी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला. ७६! मोठ्या घोड्याची नाडी आरामात असताना साधारण २८ ते ४४ असते. आता इथे नीट ऐका. दुखलं की नाडी वाढते, पण दुखणं दबल्यावर ती उतरायला हवी. इथे दुखणं दबलं आणि नाडी उलट चढली, म्हणजे ती नुसत्या वेदनेने वाढलेली नव्हती. आतडं आवळलं गेलं की रक्तातलं पाणी आतड्यात साचत जातं, आतड्याचा तो भाग मरायला लागतो, त्यातलं विष रक्तात उतरतं, आणि मग उरलेलं रक्त फिरवायला हृदय जोरात पळतं. हिरड्याही गुलाबी राहिल्या नव्हत्या, मळकट लाल झाल्या होत्या. परत सांगतो, घोडं शांत झालं म्हणजे बरं झालं असं नाही, नाडी उतरली का ते बघा.

मग आवाज. दोन्ही कुशींवर, वर आणि खाली अशा चार ठिकाणी, घाई न करता प्रत्येकी निदान मिनिटभर ऐकायचं. उजव्या कुशीत वरच्या बाजूला तर मिनिटा-दोन मिनिटाला मोठी गुडगुड यायलाच हवी. चारही ठिकाणी सामसूम. काही गुंगीची औषधंही आतडं थोडा वेळ गप्प करतात, म्हणून नुसत्या आवाजावर मी कधी निर्णय घेत नाही.

नाकातून नळी घातली पोटात, कारण घोड्याला उलटी होत नाही, साचलेलं बाहेर काढलं नाही तर जठर फुटू शकतं. दहा लिटरच्या आसपास आंबूस पाणी आलं. मग हात घातला. भरपूर वंगण लावून, अगदी सावकाश, कारण आतडं फाटलं तर जनावर त्यानेच जातं, हे काम घरी कोणी करायचं नाही. हाताला लागले लहान आतड्याचे ताठ वेढे, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबा एकाला एक लावून ठेवाव्यात तसे. निरोगी घोड्यात ते हाताला जाणवत नाहीत. त्याऐवजी डावीकडे मोठ्या आतड्याच्या वळणावर घट्ट गोळा लागला असता, बोटाने दाबल्यावर खळगा पडणारा, आणि नाडी पन्नासच्या आत असती, तर मी निवांत नळीने पाणी दिलं असतं, चारा बंद केला असता आणि बहुतेक वेळा लीद सुटते. अर्थात हात पोटाच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही, त्यामुळे हाताला काही लागलं नाही म्हणजे आत काही नाही असं समजू नका.

इथे मात्र तिन्ही गोष्टी एकाच दिशेला होत्या. मालकांना म्हटलं, गाडी बोलवा, आत्ता. नळी नाकातच ठेवून, सलाईन लावून घोडी ऑपरेशनला पाठवली. पोट उघडल्यावर देठ असलेली चरबीची गाठ निघाली, म्हाताऱ्या घोड्यांत होते ती, तिचा देठ लहान आतड्याभोवती आवळलेला. काळं पडलेलं आतडं कापून दोन्ही टोकं जोडली. घोडी वाचली, कारण आतडं अजून फुटलं नव्हतं. सकाळपर्यंत वाट बघितली असती तर मी ऑपरेशन सुचवलंही नसतं.

तेव्हा डॉक्टरांना फोन करताना नाडी मोजून सांगा, जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं की लागते, १५ सेकंद मोजून चारने गुणा. आणि आधी कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं तेही सांगा, ते कळल्याशिवाय आम्हाला त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.