रिकाम्या डब्यात उरलेले पाच ग्रॅम

(दृश्य: हातात डिओडरंटचा डबा. बटण दाबलं जातं, फवारा येत नाही.)

फवारा थांबला की आपण म्हणतो, डबा संपला. पण तो कानाशी धरून हलवा. आत काहीतरी डुचमळतंय? मग तो संपलेला नाही. बऱ्याचदा नुसतं नोझल बुजलेलं असतं आणि फवारा बाहेर ढकलणारा वायू आतच राहतो.

हा वायू म्हणजे बहुधा ब्युटेन आणि प्रोपेन, चुलीच्या गॅसमध्ये असतात तेच. पूर्वी इथे न पेटणारे सीएफसी वायू असत. ओझोनच्या थराला त्यांनी भोकं पाडली म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर ते हद्दपार झाले. ते योग्यच झालं, पण त्यांच्या जागी आलेले वायू पेटतात. दाबाखाली ते द्रव होऊन राहतात आणि द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फारसा उतरत नाही. अर्धा भरलेला डबा असो की तळाशी चमचाभर उरलेला, आतला दाब जवळपास सारखाच.

(दृश्य: कचरागाडीचा मागचा भाग. लोखंडी पाटी खाली येते.)

तो चमचाभर म्हणजे समजा पाच ग्रॅम ब्युटेन. गाडीची पाटी कचरा दाबते, डबा चेपतो, फाटतो. पाच ग्रॅम द्रवाचा सुमारे दोन लिटर वायू होतो. हवेत ब्युटेन दोन टक्क्यांच्या आसपास मिसळलं तरी ते पेटतं, म्हणजे या दोन लिटरमधून शंभर लिटरहून जास्त पेटाऊ हवा तयार होते. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे ते वर उडून न जाता कचऱ्याच्या खाचांत साचतं. लोखंडावर लोखंड घासून एक ठिणगी पडली की झालं. भोवती कागद आणि प्लॅस्टिक असतंच. आणि पाटीचा दांडा ओढणारा सफाई कामगार तिथून हातभर अंतरावर उभा असतो.

ब्रशने लावायच्या रंगाच्या डब्यात दाब नसतो. तिथे घट्ट झाकणाखाली थिनरची वाफ कोंडते आणि डबा चेपला की एकदम बाहेर पडते. सहलीच्या शेगडीचा छोटा सिलिंडर मात्र सगळ्यांत फसवा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ज्योत मरगळते. गॅस संपला समजून लोक सिलिंडर फेकतात. आत द्रव तसाच असतो.

(दृश्य: मोकळी जागा. डबा हातात धरून बटण दाबलेलं.)

स्प्रेचा डबा उघड्यावर, आगीपासून लांब, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत सोडा. नोझल बुजलं असेल तर खिळ्याने भोक पाडायला जाऊ नका, तसाच वेगळा ठेवा. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा डबा झाकण काढून वाळू द्या. थिनरचा रंग मात्र झाकण लावून घातक कचऱ्यात द्या. सिलिंडर विक्रेत्याकडे किंवा घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात. आणि यातलं काही गाडीवाल्याच्या हाती देत असाल तर पिशवीत दडवू नका. "यात स्प्रेचा डबा आहे" एवढं त्याला तोंडाने सांगा, म्हणजे डबा पाटीखाली जाण्याआधी बाजूला काढता येईल.