बापूंचे पेढे आणि बँकेतले कागद

नमस्कार श्रोतेहो. गृहकर्ज चालू असतानाच त्याच घराच्या तारणावर बँक जे वरचं कर्ज देते, त्या टॉप-अप कर्जाबद्दल आज बोलायचं आहे. आणि ते बोलायचं म्हटलं की मला आमचे बापू आठवतात, म्हणजे माझे मेहुणे. सिंहगड रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट, नोकरी चाकणला. पहाटे कंपनीची बस, रात्री आठला घरी. असा माणूस बँकेत जाणार कधी, आणि कागद वाचणार कधी!

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली. खालच्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. आता फरशी उकरायचीच आहे, तर स्वयंपाकघरही करून घेऊ, असं ठरलं. एकदा घरात गवंडी शिरला की तो एका खोलीत थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बापूंनी कडप्प्याचा चांगला ओटा फोडून तिथे चकचकीत ट्रॉल्या बसवल्या. माझं यावर स्पष्ट मत आहे. कडप्प्याचा ओटा आणि भिंतीतली फडताळं यांना तोड नाही. ट्रॉलीत दोन पावसाळ्यांनंतर झुरळं राहतात आणि चाकं कुरकुरतात. पण माझं कोण ऐकतं? असो.

खर्चाचा अंदाज निघाला 4 लाख. बापू बँकेत गेले. गृहकर्जाचे 22 लाख बाकी होते आणि मुदत 15 वर्षं उरली होती. हप्ते एकही दिवस न चुकता भरलेले. फ्लॅटची किंमत 70 लाखांच्या घरात. मूळ कर्ज आणि टॉप-अप मिळून घराच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांच्या आत बसावं लागतं, आणि सगळे हप्ते पगाराला झेपावे लागतात. बापूंचं दोन्हींत आरामात बसत होतं. साहेब म्हणाले, "चार कशाला, सहा घ्या." बापूंनी 6 लाख घेतले. पुढचा प्रश्न आला, "मुदत किती ठेवू? मूळ कर्जाइतकीच ठेवतो, हप्ता हलका बसेल." बापू म्हणाले, "ठेवा."

श्रोतेहो, बापूंनी उच्चारलेला हा एक शब्द लक्षात ठेवा. ठेवा.

9 टक्के व्याज, 15 वर्षं, हप्ता 6,086 रुपये. बापू खूश. दुरुस्तीला 4 लाख लागले. वरचे 2 लाख कंपनीतल्या एका मित्राच्या सांगण्यावरून शेअर बाजारात गेले. त्या 2 लाखांचं पुढे काय झालं हे बापू घरात कुणाला सांगत नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.

गेल्या वर्षी भोरकडची वडिलोपार्जित जमीन विकली गेली. बापूंच्या वाट्याला आलेल्या पैशातून त्यांनी गृहकर्जाचे उरलेले साडेअठरा लाख एकरकमी भरून टाकले. घरात दिवाळीच! माझ्या सासूबाईंनी ठरवून टाकलं की दसऱ्याला घराचे कागद पाटावर ठेवून पूजा करायची. बापूंनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी रजा टाकली. नवी कापडी पिशवी घेतली, किलोभर पेढे घेतले आणि बँकेत गेले. काउंटरवर पेढे वाटून झाले. मग म्हणाले, "आता आमचा करारनामा, इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेट द्या."

समोरच्या मुलीनं संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "काका, कागद नाही मिळणार. टॉप-अप अजून 11 वर्षं आहे ना."

बापूंच्या डोक्यात टॉप-अप म्हणजे मूळ कर्जाचीच शेपटी. मूळ कर्ज संपलं की शेपटीही संपली. पण टॉप-अप हे वेगळं खातं असतं. त्याचा कर्ज क्रमांक वेगळा, व्याजदर वेगळा, मुदत वेगळी. तारण मात्र तेच घर आणि तेच कागद. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. पण घड्याळ सुरू होतं ते त्या कागदांवरची सगळी कर्जं फिटल्यावर. पुन्हा सांगतो. गृहकर्ज फिटलं तरी टॉप-अप बाकी असेल, तर कागद बँकेतच.

बापूंनी विचारलं, "बरं, त्यातले किती राहिलेत?" मुलगी म्हणाली, "5 लाख 8 हजार 800."

संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन ते थेट माझ्याकडे आले. "दाजी, 48 हप्ते भरले मी. जवळजवळ 2 लाख 92 हजार. आणि कमी झाले किती? 91 हजार! बँकेनं काहीतरी घोळ केलाय." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. घोळ काही नव्हता. 6 लाखांवर 9 टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच 4,500 रुपये होतं. 6,086 च्या हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दलात गेले फक्त 1,586. महिन्याला दीड हजारानं 6 लाखांचा डोंगर कसा खचणार? मुद्दलाचा वाटा वाढत जातो, पण मुंगीच्या पावलांनी.

मग मी दुसरा हिशेब मांडला, आणि तो बघून बापूंनी पाणी मागितलं. समजा, तेव्हा टॉप-अप न घेता त्यांनी वैयक्तिक कर्ज घेतलं असतं. व्याज 12 टक्के, म्हणजे चांगलं 3 टक्के महाग. मुदत 5 वर्षं. हप्ता पडला असता 13,347 रुपये. पाच वर्षांत एकूण व्याज 2 लाख 800 रुपये. आणि बापूंनी स्वस्त टॉप-अपवर पहिल्या चार वर्षांत भरलेलं व्याज? 2 लाख 900 रुपये! महाग कर्जाचं सगळंच्या सगळं व्याज स्वस्त कर्जानं चार वर्षांतच खाल्लं, आणि 5 लाखांवर मुद्दल उभंच. पूर्ण 15 वर्षं असंच भरत राहिले असते तर 6 लाखांवर व्याज झालं असतं 4 लाख 95 हजार.

म्हणजे टॉप-अप वाईट का? मुळीच नाही. तेच टॉप-अप, तेच 9 टक्के, पण मुदत 5 वर्षं धरली असती तर हप्ता 12,455 आणि एकूण व्याज 1 लाख 47 हजार. तिन्हींत स्वस्त. टॉप-अपचा कमी दर तुमच्या कामाचा ठरतो तो मुदतही कमी असेल तेव्हाच. दर बघा, पण मुदत आधी बघा. मूळ कर्जाइतकी मुदत ठेवायलाच हवी असं काही नसतं, कमी मागता येते. आपण मागत नाही, म्हणून मिळत नाही.

आता वरचे खर्च. टॉप-अपचा दर सहसा गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असतो. प्रक्रिया शुल्क असतं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. तारणाचा बोजा वाढतो म्हणून वाढीव रकमेवर मुद्रांक शुल्कही येतं. कधी कर्जासोबत विमा गळ्यात मारतात आणि त्याचा हप्ता कर्जातच मिसळतात, तिथे नीट विचारा. हे सगळं धरून वर्षाला खरा खर्च किती टक्के पडतो, हे की फॅक्ट स्टेटमेंट नावाच्या कागदावर लिहून द्यावंच लागतं. सही करण्याआधी तो कागद घरी आणा. चष्मा लावून वाचा.

दुसरी बँक म्हणते, आमच्याकडे गृहकर्ज हलवा, वर टॉप-अप देतो. दर बराच कमी असेल तर जरूर विचार करा. पण तिथे मुद्रांक शुल्क आणि कायदेशीर तपासणी नुसत्या 6 लाखांपुरती नसते, बापूंच्या बाबतीत ती सगळ्या 28 लाखांवर झाली असती. आणि गृहकर्ज वर्ष-दोन वर्षांत संपतच आलं असेल, गरजही लाख-दीड लाखाचीच असेल, तर मी म्हणेन सरळ वैयक्तिक कर्ज घ्या. तेवढ्यासाठी घराचे कागद अडकवून ठेवू नका. फक्त त्याचा दर बहुधा स्थिर असतो, तेव्हा मुदतीआधी फेडल्यास दंड किती ते विचारून घ्या. बदलत्या दराच्या टॉप-अपवर, ते घरगुती गरजेसाठी असेल तर, असा दंड लावता येत नाही.

पैसे वापरायचे कशाला? घरदुरुस्ती, शिक्षण, आजारपण, लग्न हे सगळं चालतं. लग्नाचं निघालं म्हणून सांगतो, मंगल कार्यालयात दीड तासाच्या जेवणावळीसाठी 15 वर्षांचं कर्ज काढणारी माणसं मी पाहिली आहेत, जावई तोवर टकला होतो. सट्टा आणि शेअर बाजार मात्र चालत नाही, आणि तसं तुम्ही अर्जावर सही करून दिलेलं असतं. ऑगस्ट 2024 मध्ये पतधोरण सांगताना तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी टॉप-अपचा पैसा सट्ट्याकडे वळण्याच्या धोक्याबद्दल कर्ज देणाऱ्यांना जाहीर इशारा दिला होता. बापूंचे 2 लाख त्यातलेच.

प्राप्तिकरातही त्या 2 लाखांनी त्रास दिला. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, गृहकर्जाच्या व्याजाच्या 2 लाखांच्या मर्यादेतच. नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाही. आणि ती मिळते दुरुस्तीवर खर्च झालेल्या पैशाच्या व्याजापुरतीच. म्हणजे बापूंच्या 6 लाखांपैकी 4 लाखांच्याच. तेही बिलं असतील तर. फरशीवाल्याचं बिल सापडलं. गवंड्याची मजुरी वहीच्या पानावर.

मग आम्ही काय केलं? गृहकर्जाचा हप्ता सुटला होता, त्यामुळे हातात पैसे होते. बापूंनी बँकेला लेखी अर्ज दिला की टॉप-अपचा हप्ता 6,086 वरून 12,500 करा, आणि मधे जास्तीचे पैसे भरले तर हप्ता तोच ठेवून मुदत घटवा. हे लेखीच द्यायचं, श्रोतेहो. तोंडी सांगितलं तर मुदत तशीच राहून हप्ता कमी झालेला दिसू शकतो. या एका अर्जानं 11 वर्षांचं कर्ज चार वर्षांवर आलं आणि पुढचं जवळजवळ 1 लाख 94 हजारांचं व्याज वाचलं.

त्या दसऱ्याला सासूबाईंनी पाटावर काय ठेवलं, तर बँकेनं दिलेलं गृहकर्ज फिटल्याचं पत्र. हळदीकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली आणि विचारलं, "बापू, हे कागद जरा कमीच वाटतायत का रे?" बापू म्हणाले, "आई, बाकीचे चौथ्या दसऱ्याला येतील."