दोरीची चोरी झाली, त्याची गोष्ट

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, मागे रायवळ आंब्याचं झाड. लांबून दर्याची गाज.)

हे घर मालवण तालुक्यातल्या एका वाडीत आहे, आणि इथे मे महिन्यात दुपारी दोन ते चार या वेळात सगळी मोठी माणसं आडवी झालेली असतात, फक्त पडवीत आज्ये जागी असते. आमच्या लहानपणी पण हेच होतं. आणि आम्हाला जे काय करायचं असायचं ते नेमकं ह्याच दोन तासांत करायचं असायचं, तेही तिच्या कानासमोर. म्हणून आम्ही 'च'ची भाषा बोलायचो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही भाषा बोललेली असणार, पण तिचा नियम कधी कोणी नीट सांगितलेला नसतो, मोठी भावंडं बोलतात आणि धाकटी ऐकून ऐकून पकडतात. तर नियम असा. शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं. त्यातलं व्यंजन काढून तिथे च बसवायचा, काना मात्रा वेलांटी जे असेल ते तसंच ठेवायचं, आणि काढलेलं व्यंजन शब्दाच्या शेवटी नेऊन लावायचं. मला म्हणजे चलाम. काय म्हणजे चायक. कोण म्हणजे चोणक. मालवणीत पण तसंच, माका म्हणजे चाकाम, घराक म्हणजे चराकघ.

(दृश्य : पाटीवर खडूने लिहिलेलं 'दो'. हात द पुसतो, काना-मात्रा तशीच ठेवतो, द च्या जागी च लिहितो.)

हे नीट बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. द गेला, पण ओकार जागेवरच राहिला. मराठी शाळेत बाराखडी घोकलेल्या पोराला हे जमतं कारण त्याच्या डोक्यात अक्षर आणि मात्रा आधीच सुट्या झालेल्या असतात, द दा दि दी च्या ऐवजी च चा चि ची म्हणायचं, एवढंच तर आहे. आमची धाकटी बालवाडीत होती तेव्हा तिला ही भाषा बऱ्यापैकी समजायची पण बोलता यायची नाही, ती सरळ पहिलं अख्खं अक्षर उचलून मागे टाकायची, काजू म्हणायचं तर जूका. पहिलीत बाराखडी पाठ झाली आणि पावसाळा संपेपर्यंत ती आमच्यापेक्षा फास्ट बोलायला लागली.

आणि धाकटी जे करत होती ती पण जगात कुठेतरी खरीखुरी भाषा आहे. पनामामध्ये कुना नावाचे लोक आहेत, त्यांच्या खेळात शब्दाचं पहिलं अक्षर अख्खंच्या अख्खं मागे जातं, अननसाला ते ओसी म्हणतात तर खेळात म्हणायचं सिओ. जोएल शेर्झर नावाच्या अभ्यासकाने 1970 मध्ये यावर लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं असं की माणूस शब्द कुठे तोडतो ते अशा खेळात दिसतं, नुसतं विचारून ते कळत नाही. मला हे फार पटतं. आमच्यातच बघा ना, 'त्याला'चं सगळेजण पटकन च्यालात करायचे, पण 'प्रसाद' आला की दोन पार्ट्या, कोणी चसादप्र म्हणायचं तर कोणी च्रसादप म्हणायला जायचं आणि जीभ अडकायची. प्र हे एक की दोन, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं.

(दृश्य : आंब्याचं झाड खालून वर. फांदीवर टोपली अडकवलेली.)

आता ती दुपार.

मागल्या दारचा हा आंबा रायवळ, आणि त्याच्या कैऱ्या आज्येने लोणच्यासाठी राखलेल्या. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ झाडावर, टोपली त्याच्याकडे, पण टोपली खाली सोडायला जी दोरी लागते ती खालीच राहिली. मी झाडाखाली. धाकटी पडवीच्या पायरीवर, दोरीच्या वेटोळ्यावरच बसलेली, आणि तिच्या मागे दोन हातांवर आज्ये तांदूळ निवडत बसलेली.

दादा वरून बोलला, दोरी दे. म्हणजे अर्थातच आमच्या भाषेत बोलला. दोरीतला द मागे गेला, च पुढे आला.

चोरीद चेद.

आज्येचा सुपातला हात थांबला. "खयची चोरी रे?"

आमच्यापैकी कोणाच्याच हे आधी लक्षात आलं नव्हतं. दोरीचं चोरीच होतं, दुसरं काही होऊच शकत नाही, आणि मागचा द इतका हलका पडतो की न ऐकणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. मराठीत शेवटच्या अक्षरातला अ आपण बोलताना खातो ना, तसा तो नुसता द् उरतो, जीभ दाताला लागली की संपला. आज्ये उठली, मागल्या दारी आली, वर बघितलं. दादा संध्याकाळपर्यंत पडवीत तिच्या शेजारी तांदूळ निवडत होता.

(दृश्य : किनारा. लाटा. दोन मुलं लांब लांब उभी राहून एकमेकांना ओरडून काहीतरी सांगतायत, ऐकू येत नाही.)

पण खरा दोष चोरीचा नव्हताच, शेपटीचा होता. ह्या भाषेत शब्दाची ओळख सगळी शेवटच्या त्या अर्ध्यामुर्ध्या व्यंजनात असते. गाव, नाव, पाव, भाव, हे चार शब्द घ्या. चावग, चावन, चावप, चावभ. पुढून चारही एकच. खोलीत बसून बोललं तर फरक कळतो, पण दर्यावर, वारा सुटलेला, लाटांची गाज, तिथे फक्त चाव चाव चाव येतं कानावर. ये, दे, ने पण तसेच, चेय, चेद, चेन. आम्ही किनाऱ्यावर एकमेकांना ये म्हणायचो आणि समोरचा हातातली वस्तू घेऊन निघून जायचा. मग शेपूट ओढून बोलायची सवय लागली, चेयऽऽ, चेदऽऽ, आणि शेपूट ओढली की मोठ्यांना ती लगेच सापडते. लपवायचं तर ऐकू येत नाही, ऐकू यावं तर लपत नाही.

दादाने त्या दुपारनंतर एक दुरुस्ती केली, आणि ती मला आजही भारी वाटते. मराठीत च दोन आहेत. लिहिताना एकच अक्षर, पण चहातला च वेगळा आणि चोरातला वेगळा, दोन्ही बोलून बघा, जीभ वेगळ्या जागी लागते. दादाने फर्मान काढलं की इथून पुढे आपला च कायम चहातला. म्हणजे दोरीचं 'चोरीद' झालं तरी त्यात चोर ऐकू येणार नाही, ते नुसतं काहीतरी विचित्र वाटेल. आणि खरंच तसं झालं, आज्येने परत कधी चोरी ऐकली नाही.

मग अडचण आली ती आज्येचीच, म्हणजे तिच्या नावाची. आजी, आई, आबा, हे शब्द स्वराने सुरू होतात. मागे न्यायला व्यंजनच नाही. आजीचं चाजी करायचं आणि मागे अ लावायचा, चाजीअ, हे तर कोणालाही कळेल. उलटी भाषा पण करून बघितली, फणसचं सणफ, कैरीचं रीकै, ती बरी होती, पण त्यात काका, मामा, बाबा, दादा, नाना हे सगळे उलटून परत तेच. ज्यांच्यापासून लपवायचं तेच तेवढे उघडे. शेवटी आज्येला आम्ही पडवी म्हणायला लागलो, कारण ती तिथेच असायची. पडवीचं चडवीप. "चडवीप चागीज चाहेअ" म्हणजे पडवी जागी आहे, आणि यात पण 'आहे' फसलंच, म्हणून ते आम्ही बोलायचंच सोडलं. चडवीप चागीज, बस्स.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायचे, त्यांची पोरं पण 'च'ची भाषा बोलायची पण ती वेगळी, ते प्रत्येक अक्षराच्या आधी नुसता च लावायचे. दोरी दे म्हणजे चदो चरी चदे. बोलायला सोपी, फोडायला त्याहून सोपी, च गाळला की संपलं. आमच्यात आणि त्यांच्यात यावरून दोन दिवस जाम वाद झाला, आणि शेवटी दोन्ही सोडून 'र्फ'ची भाषा ठरली. तिच्यात प्रत्येक अक्षराची मात्रा सोडवून मध्ये र्फ घालतात. मी म्हणजे मर्फी. दोरी दे म्हणजे दर्फोरर्फी दर्फे. हिच्यात शेपूट नाही, त्यामुळे दर्यावर पण चालते. पण शब्द दुप्पट लांब होतो, आणि सगळी व्यंजनं आपापल्या जागेवरच असतात, म्हणून सावकाश बोललात तर कोणीही ओळखेल. स्पीड हेच तिचं कुलूप.

(दृश्य : तेच खळं, आजचं. चार मुलं बसलेली. एकीच्या हातात मोबाईल.)

ह्या मे महिन्यात आम्ही कॅमेरा घेऊन परत ह्याच खळ्यात बसलो. पोरं च बोलतात, र्फ बोलतात, आणि तिसरी पण एक काहीतरी बोलतात जी आम्हाला अजिबात कळली नाही. मी त्यांना म्हटलं जरा सावकाश बोला, तर त्यांना सावकाश येईना, थांबून थांबून बोलताना ती स्वतःच चुकत होती, एकीने तर डोळे मिटून घेतले तेव्हा कुठे तिचा शब्द पूर्ण झाला. मोबाईलवर टाईप करता का असं विचारलं तर मोठी मुलगी म्हणाली नाही, लिहिलं की आई दोन मिनिटांत ओळखते. बरोबर आहे तिचं. कागदावर शेपूट विरत नाही, आणि परत परत बघायला वेळ मिळतो.

मग मी विचारलं, ही तिसरी भाषा कसली, तिचा नियम काय.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यात लहान होती ती कॅमेऱ्याकडे बघून, एका दमात बोलली.

(दृश्य : मुलीचा चेहरा, जवळून. मागे गाज.)

"चॅमेराक चंदब चेल्याशिवायक चाहीन चांगणारस."

(पडदा काळा. फक्त आवाज, खळ्यातला.)