कागदावरचे कॅल्शियम आणि अंगी लागणारे कॅल्शियम

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

दूध न घेणाऱ्यांनी कॅल्शियम कशातून मिळवावे, असा आजचा विषय जाहीर झाला आहे आणि त्याचे उत्तर मी देणार आहेच. मात्र त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपल्यापुढे मांडू द्या, कारण ती समजल्याशिवाय उत्तराला अर्थ राहत नाही.

आहारतज्ज्ञ म्हणून मी जिथे पहिली नोकरी केली, तिथे भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता. डावीकडे पदार्थाचे नाव, उजवीकडे शंभर ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम कॅल्शियम आहे तो आकडा. तीळ सर्वांत वर, मग पालेभाज्या, मग नाचणी. रुग्ण तो तक्ता वहीत उतरवून घेत आणि निश्चिंत मनाने घरी जात. त्या तक्त्यात तिसरा रकाना नव्हता: खाल्लेल्यापैकी अंगी किती लागते, हा. तो रकाना नसल्यामुळे काय होते, ते मला एका शिक्षिकेच्या वहीने शिकवले.

त्यांना दूध पचत नसे आणि दही-ताकानेही पोट बिघडत असे. त्यांनी तक्त्यावरून स्वतःचा दिवस आखला होता: अडीचशे ग्रॅम पालक, तीस ग्रॅम तिळाचा लाडू आणि शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकऱ्या. तक्त्याप्रमाणे पालकाचे सुमारे २००, तिळाचे सुमारे ३८० आणि नाचणीचे सुमारे ३६०, म्हणजे एकूण ९४० मिलिग्रॅम. प्रौढांसाठी आपल्याकडची सध्याची शिफारस रोज १००० मिलिग्रॅम आहे. त्या जवळजवळ तिथे पोचल्याच होत्या. मी वही परत देऊन ‘उत्तम’ असे म्हणाले, याची मला आजही खंत आहे.

आता तो तिसरा रकाना भरून पाहू. दुधातले कॅल्शियम प्रौढ माणसाच्या अंगी साधारण तीस टक्के लागते. पालकाचे मोजमाप अमेरिकेत रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. कॅल्शियमचे खुणेचे अणू मिसळून पालक वाढवला, तो लोकांना खाऊ घातला आणि ते अणू शरीरात किती शिरले ते मोजले. उत्तर आले सुमारे पाच टक्के. कारण पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते, ते कॅल्शियमला घट्ट बांधते, आणि तयार होणारे कॅल्शियम ऑक्झलेट आतड्यात फारसे विरघळत नाही. बहुतेक सगळे आले तसे बाहेर जाते. पालक खाल्ल्यावर दात खरखरीत लागतात आणि अळू नीट न शिजल्यास घसा खाजतो, त्यामागेही हेच ऑक्झलेट आहे. चिंच घालून अळू शिजवले की खाज कमी होते, पण म्हणून त्यातले सगळे कॅल्शियम मोकळे झाले असे समजू नये. पालक उकडून पाणी टाकून दिल्याने विरघळणारे ऑक्झलेट कमी होते. आधीच बांधलेले कॅल्शियम मात्र तसेच राहते. म्हणजे शिक्षिकाबाईंच्या २०० मिलिग्रॅमपैकी पदरात पडले दहा.

तिळाची गोष्ट याहून जास्त मनाला लागणारी आहे. तिळातले बहुतेक कॅल्शियम सालीत असते आणि तेही मुख्यतः ऑक्झलेटच्या रूपात. तक्त्यातला मोठा आकडा सालीसकट तिळाचा असतो. बाजारातले पांढरेशुभ्र, गुळगुळीत, चमकदार तीळ सोललेले असतात. त्यांत शंभर ग्रॅममागे साधारण ६० ते १३० मिलिग्रॅमच कॅल्शियम उरते. ओळखायचे असेल, तर चिमूटभर तीळ तासभर पाण्यात भिजवून बोटांनी चोळा. पातळ पापुद्रा सुटून वर आला, तर साल शाबूत होती. नाहीच आला, तर पॉलिशचे तीळ आहेत. सोललेल्या तिळाचे शोषण वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठीक आहे. पण मुळात कॅल्शियमच उरलेले नाही. सालीसकट घेतले, तर आकडा मोठा, पण त्यातले बरेचसे बांधलेले. शिक्षिकाबाईंचा लाडू पॉलिशच्या तिळाचा होता: ३८० कागदावर, प्रत्यक्षात फार तर ४०, अंगी लागले आठ.

नाचणीचे मी हिशोबासाठी वीस टक्के धरते, म्हणजे ७२. बेरीज झाली ९०. एवढेच ९४० मिलिग्रॅम दुधातून आले असते, तर २८० अंगी लागले असते. वही चुकीची नव्हती, तक्ता अपुरा होता.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटे उरली. मग जे सांगायला आले ते आता झटपट सांगते.

पालेभाज्यांत निवड ऑक्झलेटवरून करावी. मोहरीच्या कुळातल्या पाल्याचे आणि कोबीचे शोषण चाळीस ते साठ टक्क्यांच्या घरात, म्हणजे दुधापेक्षाही जास्त मोजले गेले आहे. मेथीतही ऑक्झलेट कमी आहे आणि कॅल्शियम भरपूर. पालक, चुका, चाकवत, माठ अवश्य खावेत, पण कॅल्शियमच्या खात्यात धरू नयेत. मोहरीच्याच कुळातल्या मुळ्याचा पाला आपण विक्रेत्याला तोडून टाकायला सांगतो, तो मागून घ्यावा.

नाचणीत कॅल्शियमला बांधून ठेवणारे फायटेट आडवे येते. रात्रभर भिजवून, कापडात बांधून, एक-दोन दिवस मोड आणल्यास ते कमी होते. आंबवलेल्या आंबिलीतही तोच लाभ. मात्र सत्त्व काढताना वस्त्रगाळ करून चोथा टाकू नये, कारण नाचणीतले बरेचसे कॅल्शियम टरफलातच असते. तिळाची चूक नाचणीत पुन्हा करायला नको.

सोया पनीर घेताना वेष्टन वाचावे. कॅल्शियम सल्फेटने साकळलेले असेल, तर शोषण दुधाइतकेच, तीस टक्क्यांच्या आसपास. मॅग्नेशियमच्या क्षाराने साकळलेले असेल, तर कॅल्शियम फारच कमी असते. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट चावून खाता येतील असे छोटे मासे घ्यावेत; मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ली जातेच. बांगलादेशातल्या छोट्या मऊ काट्याच्या माशांवर झालेल्या मोजमापात शोषण दुधाच्या बरोबरीचे आढळले होते. सगळे एकाच जेवणात कोंबू नये. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या वर गेले, की शोषणाचे प्रमाण घटत जाते. ड जीवनसत्त्व कमी असेल, तर हे सारेच आकडे खाली येतात, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी.

शिक्षिकाबाईंचा दिवस आम्ही पुन्हा आखला: दीडशे ग्रॅम मेथी किंवा मोहरीचा पाला, मोड आणलेल्या नाचणीच्या भाकऱ्या, शंभर ग्रॅम सोया पनीर आणि कॅल्शियम घातलेले सोया दूध, तेही दोन वेळांत विभागून. तरीही महिनाभराने त्यांची तक्रार आली, की सोया दुधाच्या डब्याच्या तळाशी पांढरा चिखल साठतो आणि तो त्या टाकून देतात. तो चिखल म्हणजेच घातलेले कॅल्शियम होते. ओतण्याआधी डबा जोरात हलवायचा, एवढेच मी सांगायचे विसरले होते.