टोपली ढकलणारं मूल

(कोपरखैरणे इथे लहान मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, एवढ्या पावसात आलात, छान वाटलं. घरी आजीच्या ताब्यात पोरं देऊन आला असाल, तेव्हा वेळेत संपवते. छोट्या खोलीत दीड ते तीन वर्षांच्या मुलाला दमवायचे पाच खेळ सांगेन असं कळवलं होतं. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी पाळणाघर सुरू केलं, ते सिडकोच्या जुन्या इमारतीतल्या आमच्याच घरात. खेळायची खोली दहा बाय अकरा फूट. जुलैचा महिना, बाहेर जायची सोय नाही, मग मी पकडापकडी खेळायचे. खालच्या मजल्यावरचे आजोबा एका दुपारी वर आले नि म्हणाले, "ताई, घोडे बांधलेत का वर?" मला फार लागलं. मुलं खेळणार नाहीत तर काय करणार? आजही ऐन पावसाळ्यात मुलांच्या पावलांवर तक्रार लिहिणारी माणसं भेटली की वाईट वाटतं. पण त्या दिवसापासून मी बघायला लागले, की पळून मुलं खरंच दमतात का.

सव्वादोन वर्षांचा एक छोटा होता, साधारण बारा किलोचा. अर्धा तास पळाला की शांत व्हायच्या ऐवजी लालबुंद व्हायचा, चावायचा, झोपायचा नाही. खोलीत वेग घेईपर्यंत भिंत येते, आणि या वयात थांबणं जमत नाही. मूल आपटतं, उठतं, आणखी पेटतं. एकदा धुतलेल्या ओल्या कपड्यांची टोपली मी दाराशी ठेवली होती. त्याने दोन्ही तळवे टेकले, डोकं खाली घातलं आणि ढकलत सुटला. पंधरा मिनिटं. मग स्वतःच गोधडीवर आडवा झाला.

ढकलताना मांड्या, पोट, पाठ, खांदे, सगळं एकदम कामाला लागतं, आणि स्नायू-सांध्यांना ओझं जाणवतं. ऑक्युपेशनल थेरपीवाले अशा कामाला 'हेवी वर्क' म्हणतात आणि चुळबुळ्या मुलांना मुद्दाम देतात.

आता टोपली कशी लावायची? रुंद, बसकी घ्या. काठ मुलाच्या छातीखाली हवा. उंच टोपली उलटते. खाली जुनी चादर दुमडून घाला, म्हणजे लादीवर सरकते आणि आवाज होत नाही. चाकं मात्र नकोत, खुर्ची किंवा बाबागाडी पुढे निसटते आणि मूल तोंडावर पडतं. पाय अनवाणी, कारण मोज्यांनी लादीवर घसरतं. आधी अर्धी भरा. एका बोटाने सरकत असेल तर कपडे वाढवा. अंग टाकूनही हलत नसेल, चिडत असेल तर काढा. सगळं अंग झुकवून दोन-तीन पावलांत हलली, की वजन बरोबर.

आणि मुक्काम द्या! "बाळा, हे आजीच्या पलंगापाशी पोचव." तिथे एकेक कपडा वाकून काढायचा, पुन्हा भरायचा, परत यायचं. दहा फुटांच्या दहा खेपा म्हणजे शंभर फूट, तेही उठाबशांसकट. खिदळणं किंचाळण्यावर गेलं, कपडे फेकू लागला, की थकवा उतू जातोय. तिथे थांबा.

जाता जाता एक सांगते, बाबा मंडळींनी नीट ऐका. मुलाला हातांना धरून गरागरा फिरवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचा कोपर त्याने पटकन सरकतो, मूल तो हात हलवतच नाही. तसं झालं तर घरी ओढाताण न करता डॉक्टरांकडे न्या. उचलायचं ते काखेत धरून.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली. बाकीचे भराभर सांगते. चादरीवर मूल बसवून आपण ओढलं तर आपणच दमतो. त्याऐवजी बाहुली बसवा आणि ओढू द्या त्याला. गादी जमिनीवर टाकून तिच्याखाली दोन उशा सरकवा, तो डोंगर रांगत ओलांडायचा; गादी खिडकीपासून आणि कपाटाच्या कोपऱ्यापासून लांब हवी. हत्तीची चाल, म्हणजे हात-पाय टेकून, ढुंगण वर. बेडूकउड्या फक्त गादीवर, खालच्यांचाही विचार करून. फुगे नकोत, फुटलेला तुकडा घशात अडकतो. मोज्यांचा गोळा करून द्या.

"दिवसाला किती?" हे नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे या वयाला दिवसभरात १८० मिनिटं हालचाल हवी, पण ती विखुरलेली, आणि चालणं-वाकणंही त्यात धरलेलं. म्हणून एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

दुपारी झोपेआधीची शेवटची खेप उशी आणि पांघरुणाची ठेवा, टोपलीचा मुक्काम गादीपाशी. आमचा तो छोटा टोपली पोचवून तिथेच लवंडायचा. बोला, कुणाला काही विचारायचंय?