वावर किती, तार किती

[दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा. सहावीचा वर्ग. फळ्यावर एक आयत.]

निवेदन:
गणितातलं परिमिती आणि क्षेत्रफळाचं प्रकरण आज संपतंय. उद्यापासून पुढचं सुरू होईल. त्याआधी मॅडम प्रत्येकाच्या हातात एक अर्धा कागद देतात. ही परीक्षा नाही. याचे गुण कुठल्याही नोंदवहीत जाणार नाहीत, हे त्या दोनदा सांगतात. दोनदा सांगावंच लागतं. गुण मिळणार म्हटलं की खुणा खोट्या होतात.

कागदाचा उगम अध्ययन निष्पत्तीत आहे. एनसीईआरटीनं 2017 मध्ये इयत्तावार निष्पत्ती दिल्या. सहावीची एक निष्पत्ती अशी, की विद्यार्थी परिसरातल्या आयताकृती वस्तूंची, जसं की वर्गाच्या फरशीची, परिमिती आणि क्षेत्रफळ काढतो. हेच वाक्य मुलांपुढे ठेवून ‘येतं का?’ विचारलं, तर अख्खा वर्ग ‘हो’ म्हणतो. त्या होकाराचं करायचं काय?

[दृश्य: मॅडमची वही. एका वाक्याखाली चार ओळी.]

म्हणून मॅडमनी त्या एका वाक्याच्या चार ओळी केल्या. मी टेपनं लांबी-रुंदी मोजू शकते. प्रश्न वाचून परिमिती हवी की क्षेत्रफळ, हे ओळखू शकते. दोन्ही काढू शकते. उत्तरापुढे मीटर लिहायचं की चौरस मीटर, हे सांगू शकते.

प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आहेत: ‘जमतं, दुसऱ्याला समजावता येतं’, ‘वही पाहून जमतं’ आणि ‘अजून अडतं’. मधला रकाना महत्त्वाचा. तो नसला की ज्यांना अर्धवट येतं ती मुलं सरळ पहिल्या रकान्यात जाऊन बसतात.

निळ्या पेनानं खुणा झाल्या, की मॅडम फळ्यावर गणित लिहितात. एक वावर 60 मीटर लांब, 40 मीटर रुंद. रोही आणि रानडुकरं आत येतात म्हणून चारही बाजूंनी तारेचे तीन पदर लावायचे. तार किती लागेल? आणि पेरायला जागा किती?

[दृश्य: वह्यांवर वाकलेली मुलं.]

पहिल्या उत्तरासाठी एक फेरी 200 मीटर, तीन पदरांचे 600 मीटर. दुसरं उत्तर 2400 चौरस मीटर. सोडवून झालं की तोच कागद पुन्हा, आता लाल पेनानं.

आता निळी आणि लाल खूण शेजारी ठेवून बघा. गुणाकार जवळपास सगळ्यांचा बरोबर आहे. घसरण दुसऱ्या ओळीत दिसते. तारेसाठीही काहींनी 60 गुणिले 40 केलं, आणि त्यांची निळी खूण पहिल्या रकान्यात होती. म्हणजे अडचण आकडेमोडीची नाही, काय मोजायचं ते ओळखण्याची आहे. तोंडी उत्तरांत हे सापडलं नसतं, कारण तिथे प्रश्नातच ‘परिमिती काढा’ असा शब्द येतो.

उलटंही घडतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सगळीकडे ‘अजून अडतं’वर खूण केली होती, गणित मात्र पूर्ण बरोबर. अशा मुलांना आणखी सराव देऊन उपयोग नाही. त्यांना फळ्याजवळ बोलावून दुसऱ्याला समजावायला लावायचं.

[दृश्य: कागदाची मागची बाजू.]

मागे दोनच प्रश्न आहेत. पाठ आवडला का, हा त्यात नाही. त्याला सगळे ‘खूप आवडला’ लिहितात. पहिला प्रश्न: कोणत्या ओळीवर तुझी खूण बदलली, आणि कशामुळे? दुसरा: दोन वावरांची जागा सारखी असेल, तर तारही सारखीच लागेल का? करून बघ आणि सांग.

ज्या मुलांच्या घरी कोलामी बोलतात, ती लिहिताना अडतात. त्यांच्याकडून मॅडम उत्तर तोंडी घेतात. लेखन तपासायचं नसताना लेखनामुळे गणित झाकलं जायला नको.

दुसऱ्या प्रश्नावर एका मुलानं 80 बाय 30 चं वावर काढलं. जागा तीच, 2400. फेरी मात्र 220. त्यानं खाली लिहिलं:

मुलगा (आवाज): “वावर लंबं केलं त तार जास्त लागते, पेरासाठी जागा तेवढीच राह्यते.”

मॅडमनी त्याचं वाक्य तसंच फळ्यावर उतरवलं. दुसऱ्या ओळीत अडलेल्या मुलांचा गट उद्या पहिल्या तासिकेला बसेल. त्यांना आकडे मिळणार नाहीत, फक्त प्रसंग मिळतील: अंगणाला फरशी, विहिरीभोवती कठडा, खोलीला चटई. प्रत्येकासमोर एवढंच लिहायचं, कडेनं मोजायचं की आतलं. पुढचं प्रकरण एक तासिका उशिरा सुरू होईल.