दिवा तेवतो, तारा लुकलुकतो

श्रोतेहो, नमस्कार. लिहिताना प्रकाश आला की बहुतेकांच्या लेखणीतून पहिल्यांदा ‘चमकणे’ हेच क्रियापद उतरते. माझ्याही उतरते. पुढच्या वाचनात मात्र मला ते बहुधा खोडावे लागते. एका साध्या वाक्यावरून त्याचे कारण सांगतो.

‘नदीच्या पलीकडे दिवा चमकत होता आणि पाणीही चमकत होते.’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण त्यातून काहीच दिसत नाही. दिवा स्वतः जळतो आहे, तर पाणी दुसऱ्याचा उजेड परतवते आहे, आणि एकाच क्रियापदाने या दोन निराळ्या गोष्टी सारख्या करून टाकल्या आहेत.

आधी दिव्याकडे पाहू. त्याच्यासाठी मराठीत निदान तीन शब्द हाताशी आहेत : तेवणे, मिणमिणणे आणि लुकलुकणे. ‘तेवणे’ हा ज्योतीचा शब्द आहे. त्यात तेल आहे, वात आहे, वारा पडलेला आहे, आणि ती स्थिर ज्योत दिसण्याइतका पाहणारा जवळ उभा आहे. म्हणूनच विजेचा बल्ब तेवत नाही. ‘मिणमिणणे’ म्हणजे उजेड अपुरा पडणे, मग तेल संपत आलेले असो की दिवा दूर असो. ‘मंदपणे मिणमिणत होता’ असे आपण सहज लिहून जातो, पण मंदपणा त्या क्रियापदात आधीच आहे, म्हणून ते क्रियाविशेषण काढून टाकावे. याउलट ‘हळूहळू उजळले’ यातले ‘हळूहळू’ काढू नये, कारण उजळणे हा बदल आहे आणि बदलाला वेग असतो.

‘लुकलुकणे’ म्हणजे दिसणे आणि लपणे आळीपाळीने होणे. म्हणून तो शब्द वापरण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की मध्ये काय येते आहे? पलीकडच्या दिव्याआड झाडाची फांदी हलत असेल, तर तो लुकलुकेल. ताऱ्याच्या बाबतीत मध्ये हवा येते. तारा इतका दूर असतो की आपल्याला तो केवळ एक बिंदू दिसतो, आणि कमीअधिक तापलेल्या हवेच्या हलत्या थरांतून येताना त्याचा किरण सारखा वाकत राहतो. ग्रह मात्र इवल्याशा तबकडीसारखा असतो. तिच्या निरनिराळ्या भागांवरून येणारे किरण एकमेकांची उणीव भरून काढतात, त्यामुळे त्याचा प्रकाश बराचसा स्थिर राहतो. आकाशात उंचावर असलेल्या गुरूला लुकलुकायला लावणारे वाक्य जाणत्या वाचकाला खटकते. तोच ग्रह क्षितिजाजवळ असेल, तर त्याचा किरण बऱ्याच जास्त हवेतून येतो आणि तिथे तो शब्द चालूनही जातो.

आता पाण्याकडे वळू. मिणमिण, लुकलुक, चमचम, लखलख या शब्दांत ध्वनीच पुन्हा येतो, आणि त्या पुनरुक्तीतून बहुतेक वेळा प्रकाशाची थरथर ऐकू येते. ‘तेवणे’, ‘तळपणे’ यांत ती नाही. (तळपण्यात उजेडाबरोबर ताप किंवा धार असते, म्हणून दुपारचा सूर्य तळपतो, चंद्र तळपत नाही.) वाऱ्याने पाण्यावर लहरी उठल्या की लहरीचा प्रत्येक उतार क्षणभर आरसा होतो आणि चंद्राचा एक तुकडा आपल्याकडे फेकून विझतो. अशा असंख्य तुकड्यांचा पट्टा पाहणाऱ्याच्या दिशेने लांबत येतो. त्याच्यासाठी ‘चमचमणे’ नेमके आहे. पाणी निश्चल असेल, तर तिथे चमचम नसतेच, चंद्र अखंड उमटतो. ‘लखलखणे’ मला इथे फार कठीण वाटते. तो शब्द घासलेल्या धातूला किंवा विजेला शोभतो. ‘झगमगाट’ तर नकोच, कारण त्यातल्या ‘आट’ या प्रत्ययाने उजेडाची गर्दी सुचते आणि आपल्या नदीकाठी तर एकच दिवा आहे.

इतके ठरवल्यावर कच्च्या वाक्यातली एक विसंगतीही माझ्या लक्षात आली. मी मनात दिव्याला ‘तेवत’ हा शब्द दिला होता, पण तो पलीकडच्या काठावर होता आणि पाण्यावर वारा होता. इतक्या दुरून, वाऱ्यात, ज्योत स्थिर आहे हे सांगणाऱ्याला कळणार कसे? म्हणून वाक्य असे झाले : ‘पलीकडे दिवा मिणमिणत होता आणि मधले पाणी चमचमत होते.’

पुढे गोष्टीतला माणूस नावेतून नदी ओलांडतो. पैलतीरी पोहोचल्यावर मी फक्त एवढेच लिहिले : ‘खोपटाच्या आत दिवा तेवत होता.’ किती अंतर कापले, वारा कुठे अडला, हे निराळे सांगावे लागले नाही.